पायरीएवढं गवत

मांजलपूरच्या काकांच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेसाठी बंगल्याचा फोटो हवा होता, पण मे महिन्यात अंगण करपलेलं. मी वरून टिपलेलं गवत Photoshop मध्ये Perspective ने ताणून बसवलं, तर फाटकाजवळची पाती पायरीएवढी! काकू म्हणाल्या, "अरे, हा ऊस लावलास का?"

मग कमाटीबागेत जाऊन मूळ फोटोइतक्याच उंचीवरून, तेवढ्याच तिरक्या कोनातून हिरवळ टिपली. आता ताणायची गरजच नव्हती. क्षितिज जुळवलं आणि जवळचं पातं पायरीच्या चौथ्या हिश्श्याएवढं होईतो चित्र लहान केलं. मागे पाती आपोआप बारीक होत नुसता हिरवा पोत उरला. जुन्या अंगणाची रंग काढलेली प्रत Multiply ने वर ठेवली, तशी आंब्याची सावलीही परतली. फरशीची कड मात्र मास्कवर पात्यांच्या ब्रशने हातानेच कातरावी लागली.