लोक बघताना नवा ठोका चुकतो? ढोलपथकाच्या सरावातल्या या चुका टाळा

गणपती जवळ आले की नाशिकमध्ये संध्याकाळी ढोलाचे सराव सुरू होतात आणि बघ्यांचं कडं जमतं. अनेक पथकांत एक समज पक्का असतो: "चारचौघांत वाजवलं की हात लवकर बसतो." बसलेला हात लोकांसमोर खुलतो, हे खरं. नवा ठोका मात्र नेमका तिथेच बिघडतो.

कारण रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्ये मांडलं. कुणी बघत असलं की शरीर चेततं, आणि चेतलेल्या शरीराकडून सगळ्यात जास्त घोटलेली क्रिया आधी घडते. सोप्या कामात ती क्रिया बरोबरच असते. अवघड किंवा नव्या कामात ती बहुधा चुकीची असते. 1982 मध्ये अमेरिकेत पूल हा बिलियर्ड्ससारखा खेळ खेळणाऱ्यांवर हे पाहिलं गेलं. टेबलापाशी चार जण बघत उभे राहिले, तेव्हा चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके 71 वरून 80 टक्क्यांवर गेले, कच्च्यांचे 36 वरून 25 वर आले.

ढोलावर हे असं दिसतं. समजा जुन्या चालीत चौथ्या मात्रेवर टिपरू पडतं आणि नव्या चालीत ती मात्रा मोकळी सोडायची आहे. मुलगी एकटी असताना ती बरोबर सोडते. कडं जमलं की टिपरू पडतंच, तेही दर वेळी त्याच मात्रेवर. अशी ठरावीक जागेची चूक म्हणजे जुना हात जिंकतो आहे. एकटीनेही चुकत असेल, तर ठोकाच अजून समजलेला नाही, लोकांना दोष देऊ नका. सुरुवात चांगली होऊन शेवटी ढिलं पडत असेल, तर दंड भरून आलेत.

दुसरी चूक शिकवणाऱ्यांची. मुलगी अडली की समोर उभं राहून, "नीट वाजव, सगळे बघताहेत!" असं म्हणायचं. 1968 च्या एका प्रयोगात डोळ्यांवर पट्टी बांधलेले लोक नुसते हजर होते, तेव्हा घोटलेल्या क्रियेचा जोर वाढला नाही. बघणाऱ्यांसमोर तो वाढला. म्हणजे आपल्याला कुणी जोखतंय ही जाणीवही मोठी. त्या वाक्याने आपण नेमकी तीच वाढवतो. बाजूला उभं राहून हळू लयीत मात्रा मोजून द्या, तेवढं पुरे.

नवा ठोका आधी एकट्याने, सलग बिनचूक येईपर्यंत. मग दोन ओळखीचे सोबती समोर, आणि शेवटी कडं. जुन्या वादकांना मात्र पाठ झालेल्या चाली कोपऱ्यात घोटायला लावू नका, त्यांना थेट लोकांसमोर आणा.

यालाही मर्यादा आहे. 1983 मध्ये 241 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा प्रेक्षकांमुळे पडणारा फरक सरासरीने लहानच निघाला. म्हणून कच्चा सराव गर्दीच्या जोरावर निभेल असं धरू नका. मिरवणुकीच्या दिवसापर्यंत जिचा हात त्या मोकळ्या मात्रेवर अडतोच, तिला त्या दिवशी जुन्याच चालींना उभं करा आणि नवी चाल सुरू झाली की झांजा द्या.