लोहाची गोळी लागू पडत नसेल तर अडतंय कुठे, ते कसं शोधावं

तीन महिने गोळ्या झाल्या, हिमोग्लोबिन जिथल्या तिथे. अशा वेळी घरीदारी मिळणारा सल्ला ठरलेला असतो: बीट खा, डाळिंब खा, खजूर भिजवा. शंभर ग्रॅम बिटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम आणि डाळिंबात त्याहून कमी. साठ मिलिग्रॅमची गोळी ज्या आतड्यातून आत जात नाही, तिथून बीट कुठलं जायला? तेव्हा ताटात आणखी काय वाढायचं हा प्रश्न बाजूला ठेवा. लोह आत जाण्याचं दार उघडं आहे का, ते आधी बघा.

आधी दार ओळखा

जठर संपतं तिथून लहान आतडं सुरू होतं. त्याचा पहिला, जेमतेम वीतभर तुकडा म्हणजे ड्युओडेनम. लोहाचं बहुतेक शोषण याच तुकड्यात आणि त्याला लागून असलेल्या थोड्या भागात होतं. पुढे कित्येक फूट आतडं असलं तरी लोहाच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग नाही.

हे दार उघडायला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे जठरातलं आम्ल. भाजीपाला, डाळी आणि धान्यांमधलं लोह बहुतांशी फेरिक रूपात असतं आणि आम्ल नसेल तर ते विरघळत नाही. दुसरी म्हणजे ड्युओडेनमच्या आतल्या अस्तरावरची मखमल, म्हणजे बोटांसारखे बारीक उंचवटे. त्यांच्यावरच्या पेशी फेरिकचं फेरस, म्हणजे आत घेता येणारं रूप, करतात, डीएमटी-वन नावाच्या वाहकाने ते आत ओढतात आणि मागच्या बाजूने फेरोपोर्टिन नावाच्या दारातून रक्तात सोडतात. हे मागचं दार यकृतातून येणारं हेप्सिडिन बंद करतं. लोहाचा साठा भरलेला असला किंवा अंगात दाह असला की हेप्सिडिन वाढतं. दार बंद राहिलं की लोह पेशीतच अडकतं आणि ती पेशी चार-पाच दिवसांत गळून शौचावाटे निघून जाते.

रोज आत जाणारं लोह एक ते दोन मिलिग्रॅम, बाहेर जाणारंही साधारण तेवढंच. हिशेब इतका काठावरचा असल्यामुळे दार अर्धं मिटलं तरी तूट पडते, फक्त ती लगेच दिसत नाही. साठ्यात तीनशे मिलिग्रॅम असतील आणि रोज एक मिलिग्रॅम कमी पडत असेल, तर साठा संपायला दहा महिने लागतात. जठराची शस्त्रक्रिया झालेली माणसं पहिल्या वर्षी ठणठणीत असतात आणि दुसऱ्या वर्षी जिना चढताना धापा टाकतात, ते यामुळे.

गोळी नीट घेतली जाते का, ते तपासा

रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, चहा आणि कॅल्शियमपासून दोन तास लांब. दिवसातून दोनदा घेऊ नका. एका गोळीनंतर हेप्सिडिन साधारण दिवसभर चढलेलं राहतं आणि दुसरी गोळी बरीचशी वाया जाते, म्हणून एक दिवसाआड एक चालते. पाकिटावर मूळ लोह किती मिलिग्रॅम ते वाचा, क्षाराचं, म्हणजे लोहाच्या अख्ख्या संयुगाचं, वजन नव्हे. ‘पोटाला त्रास होत नाही’ म्हणून विकली जाणारी, हळूहळू विरघळणारी गोळी टाळा. ती विरघळते ड्युओडेनम मागे पडल्यावर. आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

नीट घेतलेल्या गोळीने दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वर जायला हवं. चार आठवड्यांतही हललं नाही तर गोळीचा ब्रँड बदलत बसू नका, पुढच्या तपासण्यांकडे वळा.

खरंच लोह कमी आहे का?

फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, करा. तीसच्या खाली असेल तर साठा संपला. अंगात दाह असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं, म्हणून दाह मोजणारी सीआरपी आणि रक्तातल्या वाहकावर लोह किती भरलंय ते दाखवणारं ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही सोबत करा. फेरिटिन चांगलं आणि एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, तेवढा कमी असेल तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक दोषाचा विचार करावा लागतो. त्या माणसाला लोह देत राहण्यात अर्थ नाही.

उलटा सापळाही आहे. सिलिअक या गव्हाने आतडं बिघडवणाऱ्या आजारात लोहाबरोबर फोलेटही कमी पडू शकतं आणि जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर बी-ट्वेल्व्ह. लोहाच्या कमतरतेने तांबड्या पेशी लहान होतात, या दोन्हींच्या कमतरतेने मोठ्या. सरासरी काढली की एमसीव्ही अगदी नॉर्मल. अशा रिपोर्टात पेशींच्या आकारातली तफावत दाखवणारी आरडीडब्ल्यू वाढलेली दिसते, तीच चुगली करते.

लोह आत जात नाही की बाहेर गळतंय, हेही वेगळं करायला हवं. पाळीत जास्त रक्तस्राव, मूळव्याध आणि अल्सर यांची चौकशी आधी होते. पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये आतड्यातला रक्तस्राव शोधल्याशिवाय पुढे जायचं नसतं.

सिलिअकची तपासणी: इथेच बहुतेकांचं चुकतं

सिलिअकमध्ये गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि ड्युओडेनमवरची मखमल झिजून सपाट होते. दाराची जागा तीच, पण शोषणाचं क्षेत्रफळ गेलेलं. जुलाब, पोट फुगणं, वजन घटणं ही लक्षणं असायलाच हवीत असं नाही. मोठ्या माणसांत कितीतरी वेळा न सुधारणारा ॲनिमिया एवढी एकच खूण असते. ‘पोटाची काही तक्रार नाही, मग सिलिअक कसलं’ हे वाक्य म्हणून कानाआड करा.

पहिली आणि सर्वांत महागडी चूक म्हणजे तपासणीआधी गहू सोडणं. शेजारच्या कुणीतरी सांगितलेलं असतं, महिनाभर पोळी बंद करून भाकरी खाऊन बघ. बरंही वाटतं. पण गहू थांबला की रक्तातल्या अँटिबॉडी उतरू लागतात, मखमल परत उगवू लागते आणि तपासणी निगेटिव्ह येते. मग आजार होता की नव्हता हे कुणीच सांगू शकत नाही. पुन्हा खात्री करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे रोज दोनेक पोळ्यांइतका गहू मुद्दाम खावा लागतो, आणि एकदा बरं वाटलेल्या माणसाला ते नको होतं. तेव्हा क्रम पाळा: आधी रक्ततपासणी, मग बायोप्सी, त्यानंतरच गहू बंद.

दुसरी चूक रक्ततपासणीतली. टीटीजी-आयजीए ही सिलिअकच्या अँटिबॉडी शोधणारी मुख्य चाचणी. पण काही माणसांच्या शरीरात आयजीए प्रकारची अँटिबॉडी मुळातच तयार होत नाही, त्यांची ही चाचणी आजार असूनही निगेटिव्हच येणार. म्हणून टोटल आयजीए सोबत हवंच. ते फार कमी निघालं तर आयजीजी प्रकारातली चाचणी करावी लागते. नुसता ‘टीटीजी निगेटिव्ह’ असा रिपोर्ट घेऊन सिलिअक नाही असं मानू नका.

तिसरी चूक एंडोस्कोपीत होते. ‘दुर्बीण घातली, सगळं नॉर्मल’ या शेऱ्याला या बाबतीत अर्थ नाही. सपाट झालेलं अस्तर वरवर बघताना नॉर्मल दिसू शकतं, शिवाय आजार पट्ट्यापट्ट्यांनी पसरतो. ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागातून किमान चार तुकडे आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन असे घ्यायला हवेत. तपासणीच्या आधीच डॉक्टरांना विचारा, बायोप्सी घेणार आहात ना, आणि कुठून? नंतर विचारलं तर दुर्बीण दुसऱ्यांदा गिळावी लागते. त्याच वेळी जठरातल्या हेलिकोबॅक्टरचीही तपासणी करून घ्या, तो जंतूही लोह अडवतो.

निदान पक्कं झालं की गहू आयुष्यभर बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ खुशाल खा. गोची होते ती गिरणीत: आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळल्यावर त्याच जात्यात तुमची ज्वारी पडली, की त्या पिठात गहू आलाच. वेगळी गिरणी शोधा किंवा घरघंटी घ्या. दुसरी लपलेली जागा हिंगाच्या डबीत आहे. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, डबीवरचे घटक वाचा. मखमल परत यायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. तोवर लोह वेगळं द्यावंच लागतं.

जठराची शस्त्रक्रिया झाली असेल तर

इथे शोधायचं कमी असतं, कारण दाराचं काय झालं ते शस्त्रक्रियेच्या कागदावर लिहिलेलं असतं. डिस्चार्ज कार्डावर नाव बघा. गॅस्ट्रिक बायपास किंवा बिलरोथ-टू असेल तर अन्न ड्युओडेनमला वळसा घालून खाली उतरतं. दार शाबूत आहे, पण रस्ताच तिकडे जात नाही. स्लीव्हमध्ये रस्ता तोच राहतो, पण जठराचा मोठा भाग काढल्याने आम्ल घटतं आणि मांसाहारासारखं जड अन्नही कमी जातं. म्हणून स्लीव्हनंतर गोळी बऱ्यापैकी चालते, बायपासनंतर अनेकदा नाही. पाळी येणाऱ्या बाईला आणि बायपास झालेल्या प्रत्येकाला रोज 45 ते 60 मिलिग्रॅम मूळ लोह कायमचं घ्यावं लागतं, तक्रार असो वा नसो.

गोळी हरली की शिरेतून

समजा बायपासनंतर तीन वर्षांनी 55 किलोच्या बाईचं हिमोग्लोबिन 8 आहे आणि ते 15 वर न्यायचं आहे. लागणारं लोह म्हणजे वजन गुणिले हिमोग्लोबिनमधला फरक गुणिले 2.4, अधिक साठ्यासाठी 500. म्हणजे 55 गुणिले 7 गुणिले 2.4 होतात 924, त्यात 500 मिळवले की 1424 मिलिग्रॅम. 2.4 हा आकडा हवेतून आलेला नाही: एक किलो वजनामागे रक्त सुमारे 70 मिलिलिटर आणि एक ग्रॅम हिमोग्लोबिनमागे लोह 3.4 मिलिग्रॅम, या दोन्हींतून तो निघतो. फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज हे शिरेतून द्यायचं लोह एका वेळी जास्तीत जास्त हजार मिलिग्रॅम देतात, तेव्हा तिला दोन खेपा लागतील, आठवड्याच्या अंतराने. एकच बाटली लावून ‘झालं’ म्हणून घरी पाठवलं तर चारशेहून जास्त मिलिग्रॅमची तूट तशीच राहते आणि काही महिन्यांत ती बाई परत येते.

ही सलाईन दवाखान्यातच लावावी, रिॲक्शन क्वचित येते पण येते. या औषधाने रक्तातलं फॉस्फेट उतरू शकतं. वारंवार घ्यावं लागत असेल आणि हाडं दुखू लागली तर ते तपासा. फेरिटिन मात्र पुढच्याच आठवड्यात करू नका. सलाईननंतर काही आठवडे ते भलतंच वर दिसतं, महिना-दोन महिने थांबून केलं की खरा आकडा कळतो. बायपास झालेल्यांनी त्यानंतरही दरवर्षी सीबीसी, फेरिटिन आणि बी-ट्वेल्व्ह एकत्रच करून घ्यावं.