दुसरीच्या मुलांना कॅपिटल अक्षर आणि फुलस्टॉप कसे शिकवावेत? वाक्याची सुरुवात देऊन करायचा सराव

मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातलं दुसरीचं मूल इंग्रजीत वाक्यं लिहायला लागलं की बहुतेक वेळा पहिलं अक्षर स्मॉलच राहतं आणि शेवटचा फुलस्टॉप गायब असतो. आपण लाल पेनाने दुरुस्त करतो, मूल मान डोलावतं आणि दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा तेच. हा आळस नाही. देवनागरीत मोठं-छोटं अक्षर असा प्रकारच नसतो, त्यामुळे एकाच अक्षराची दोन रूपं कशाला, हे त्याला घरच्या भाषेतून कळायला जागाच नाही.

फुलस्टॉप त्याने मराठीच्या पुस्तकात पाहिलेला असतो. तिथली अडचण वेगळी आहे. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपतं. 'मोती भाकरी खातो', 'आजी गावाला गेली'. 'खातो', 'गेली' कानावर पडलं की वाक्य संपलं हे सांगावं लागत नाही. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जातं आणि वाक्य पुढे चालूच राहतं. थांबायची ओळखीची खूण तिथे मिळत नाही.

म्हणून मुलांना वाक्याची सुरुवात तयार देतात: पहिले दोन-तीन शब्द आपले, पुढचं त्याचं. ही पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक खोच आहे. छापील सुरुवातीत कॅपिटल अक्षर आपणच लिहिलेलं असतं. मूल वर्षभर अशी वाक्यं पूर्ण करतं आणि कॅपिटल कुठे द्यायचं हे त्याला एकदाही ठरवावं लागत नाही. एका ओळीत एकच वाक्य असेल तर फुलस्टॉपचंही तसंच होतं. ओळ संपली की टिंब, एवढंच ते शिकतं. म्हणून सुरुवाती द्यायच्या, पण टप्प्याटप्प्याने काढून घ्यायच्या. ते कसं करायचं, ते पुढे सांगते.

आधी तोंडी

पहिले काही दिवस पेन्सिल नको. मुलाने वाक्य आधी बोलायचं आणि ते पूर्ण आहे का ते स्वतः तपासायचं. तपासायला मराठी वापरा, कारण वाक्य अर्धवट आहे की पूर्ण, हे त्याच्या कानाला मराठीत पक्कं कळतं.

'द बिग डॉग.'
'झालं वाक्य?'
'हो.'
'मराठीत सांग बरं.'
'मोठा कुत्रा.'
'मोठ्या कुत्र्याचं काय?'
'झोपलाय!'
'मग तेही इंग्रजीत सांग.'
'द बिग डॉग इज स्लीपिंग.'

'कोण?' आणि 'त्याचं काय?' या दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळालं की वाक्य झालं. फुलस्टॉपची खरी तयारी इथेच होते. व्याख्या पाठ करून घेण्याची गरज नाही.

मग तयार सुरुवाती

आता चाररेघी वही घ्या. मुलाच्या रोजच्या जगातल्या सुरुवाती द्या, म्हणजे शब्द शोधण्यातच त्याची सगळी ताकद जाणार नाही:

```
I can see ____
I have ____
My tiffin has ____
We go to ____
```

एका बैठकीत तीन वाक्यं पुरेत. इंग्रजी शब्द अडला तर 'भाकरी', 'पोळी', 'आजी' हे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून द्या आणि पुढे चला. सध्या आपण शब्दसंग्रह शिकवत नाही आहोत.

रिकाम्या जागेसाठी टिंबं छापू नका, सरळ रेघ द्या. टिंबं दिली की मुलाला वाटतं फुलस्टॉप आधीच दिलेला आहे, आणि ते त्याच्या दृष्टीने बरोबरच असतं. रेघेनंतर फुलस्टॉप छापून ठेवलेल्या वर्कशीटही असतात. त्या या सरावाला निरुपयोगी, कारण जे शिकायचं तेच त्यांनी करून ठेवलेलं असतं.

टिंब कुठे बसतं तेही दाखवा. मराठी लिहिताना अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली असतात, म्हणून मुलाचा हात वरून सुरू होतो आणि फुलस्टॉप अधांतरी तरंगतो. इंग्रजी अक्षरं खाली टेकतात. चाररेघी वहीत कॅपिटल अक्षर पहिल्या रेघेपासून तिसऱ्या रेघेपर्यंत येतं आणि फुलस्टॉप तिसऱ्या रेघेवर बसतो. शेवटच्या अक्षराला चिकटून, मध्ये बोटभर जागा न सोडता.

सुरुवात काढून घ्या, शब्द ठेवा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. जाड कागदाच्या छोट्या पट्ट्या करा आणि प्रत्येकीवर एक शब्द लिहा, सगळा स्मॉल अक्षरांत:

```
tiffin   in   is   my   bag   the
```

मुलाने पट्ट्या लावून वाक्य जुळवायचं आणि मग वहीत लिहायचं. पट्टीवर कॅपिटल नाही, म्हणजे लिहिताना ते त्यालाच द्यावं लागतं. पहिलं वाक्य बहुधा असं येतं:

```
My tiffin is in the bag.
```

आता त्याच पट्ट्यांतून दुसरं वाक्य करायला सांगा. थोड्या खटपटीने 'पिशवी माझ्या डब्यात आहे' असं उलटं वाक्य निघतं आणि मूल खूश होतं:

```
The bag is in my tiffin.
```

दोन्ही वाक्यं एकाखाली एक ठेवून विचारा, 'मघाशी मोठा एम होता, तो आता छोटा का झाला?' कॅपिटल शब्दाचं नसून जागेचं आहे, हे इथे त्याला डोळ्यांनी दिसतं. तोंडी नियम सांगून ते इतकं स्पष्ट होत नाही.

हे दोन-चार दिवस जमलं की पट्ट्यांत एक नाव घाला:

```
pune   lives   my   in   ajji
```

इथे दोन कॅपिटल लागतात, एक जागेमुळे आणि एक पुण्यामुळे. दुसरीसाठी तीन नियम पुरे आहेत: वाक्याचं पहिलं अक्षर, नाव (माणसाचं, गावाचं, वाराचं, महिन्याचं) आणि 'मी' या अर्थाचा एकटा 'आय'. हा 'आय' वाक्यात कुठेही आला तरी कॅपिटलच राहतो. मुलांना तो विचित्र वाटतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी दोन-तीन वाक्यं करून घ्या, ज्यात तो मध्ये येतो.

एका ओळीत दोन वाक्यं

फुलस्टॉप खरंच समजला का, हे इथे कळतं. चित्र द्या किंवा घरातली वस्तू समोर ठेवा. छत्री, कढई, एसटीचं तिकीट, काहीही चालेल. दोन सुरुवाती सांगा, पण तोंडीच: 'इट इज' आणि 'इट हॅज'. अट एवढीच की दुसरं वाक्य पहिल्याच्या पुढे, त्याच ओळीत सुरू करायचं. ओळ संपली तर खालच्या ओळीवर जायचं, पण तिथे उगाच कॅपिटल द्यायचं नाही.

ज्यांची 'ओळ म्हणजे वाक्य' अशी समजूत झालेली आहे, ती मुलं इथे लगेच ओळखू येतात. ओळीच्या टोकाला, वाक्य अर्धवट असतानाही टिंब पडतं आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द कॅपिटल होतो. असं दिसलं तर पान उभं दुमडून अर्ध्या रुंदीत लिहायला द्या. वाक्यं सतत मोडून खाली जातात, आणि ओळ आणि वाक्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे काही दिवसांत लक्षात येतं.

दुसरा प्रकार याच्या उलटा असतो. मूल थांबतच नाही. साधारण असं लिहून आणतं:

```
i have a dog his name is moti
he eats bhakri and he sleeps in the Sun
```

हे लाल पेनाने सुधारू नका. शेजारी बसा आणि त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा. तुमचं बोट शब्दांखाली सरकू द्या. 'आय हॅव अ डॉग' इथे थांबा आणि विचारा, 'कोण? त्याचं काय? कळलं का सगळं?' कळलं. मग लाल रंगाने टिंब त्यानेच द्यायचं. आता एक शब्द पुढे जाऊन वाचा: 'आय हॅव अ डॉग हिज'. हे कानाला खटकतं, कारण 'हिज'पासून नवीन गोष्ट सुरू झाली. तिथे हिरव्या रंगाने कॅपिटल. मोती हे नाव, त्यालाही हिरवा. पुढच्या 'ही'लाही हिरवा. 'अँड' आलं तिथे वाक्य जोडलेलं आहे, ते तसंच राहू द्या. सगळेच 'अँड' तोडायला लावले तर मूल पुन्हा तीन शब्दांच्या वाक्यांवर येतं. शेवटी हे उरतं:

```
I have a dog. His name is Moti.
He eats bhakri and he sleeps in the sun.
```

शेवटच्या शब्दातला मोठा एस राहून गेला होता. त्यामागे कारण आहे. सी, ओ, पी, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड यांची मोठी आणि छोटी रूपं जवळजवळ सारखी असतात, फक्त आकार आणि बसण्याची जागा वेगळी. तिथे मुलाला नियम नव्हे, रेघा दाखवा. बी आणि डी मात्र मुलं कधीकधी मुद्दाम कॅपिटल लिहितात, कारण छोट्या बी-डीचं पोट कोणत्या बाजूला हे त्यांना आठवत नाही. शब्दाच्या मध्येच मोठा बी दिसला तर कॅपिटलचा धडा देऊ नका, छोट्या बी-डीचा सराव घ्या.

पुढे काय द्यावं

मुलाने आपणहून हिरवी-लाल तपासणी सुरू केली की पूर्ण सुरुवाती बंद करा आणि नुसते विषय मराठीतून द्या. आज डब्यात काय होतं आणि कोणी वाटून खाल्लं. शाळा सुटताना पाऊस आला तेव्हा काय केलं. आजीच्या घरी कोण कोण असतं. रविवारी कुठे गेलात. प्रत्येकी तीन वाक्यं, सलग. शेवटचे दोन विषय नावांसाठी चांगले आहेत, कारण वार, गाव आणि माणसं त्यात आपोआप येतात.

अशा वेळी एक प्रश्न येतोच: 'माय आई' लिहिताना आईचा ए छोटा, मग 'आई इज कुकिंग' इथे मोठा का? उत्तर मुलाला पटेल असं आहे. 'माझी आई' म्हणताना तो नात्याचा शब्द असतो. 'आई स्वयंपाक करतेय' म्हणताना तो तिच्या नावाच्या जागी असतो, आणि इंग्रजीत नाव म्हणून वापरलं की कॅपिटल लागतं. शिवाय तिथे तो वाक्याचा पहिला शब्दही आहे, म्हणून आधी 'आय लव्ह आई' असं वाक्य द्या. त्यात शब्द शेवटी येतो आणि तरीही ए मोठाच लिहायचा असतो.