लॅपटॉप दुरुस्तीला नेण्याआधी: केबल सैल आहे की चिप जातेय?

इंदूरमध्ये लॅपटॉप बिघडला की पाय आपोआप आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलकडे नाहीतर जेल रोडकडे वळतात. जायला काहीच हरकत नाही, पण "स्क्रीन लुकलुकतेय" किंवा "रंगीत रेषा येतायत" एवढंच सांगून लॅपटॉप काउंटरवर ठेवू नका. डिस्प्ले केबल सैल झाली तरी हेच दिसतं आणि ग्राफिक्स चिप जायला लागली तरी हेच दिसतं. दोन्ही दुरुस्त्यांच्या बिलात मात्र कित्येक पटींचा फरक असतो. म्हणून निघण्याआधी घरी एक संध्याकाळ काढा. घरातला टीव्ही, एक एचडीएमआय केबल (सेट-टॉप बॉक्सची काढून घेतली तरी चालते), व्हिडिओ काढायला मोबाइल, डेटासाठी बाहेरची हार्ड डिस्क आणि टिपणं करायला कागद, एवढ्यावर काम होतं.

सुरुवात डेटापासून करा, तपासणीपासून नाही. चिप खरोखरच जात असेल तर पुढच्या चाचण्यांमध्ये मशीन कधीही बंद पडू शकतं, आणि काळ्या स्क्रीनवर फायली शोधता येत नाहीत. शिवाय विंडोजवर बिटलॉकर ही डेटाला कुलूप लावणारी सोय चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आत्ताच लिहून ठेवा. ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मदरबोर्ड बदलला की लॅपटॉप सुरू होताना ही की मागतो, आणि ती नसेल तर दुरुस्त झालेल्या मशीनमधला आपलाच डेटा आपल्याला उघडता येत नाही.

आता केबल नेमकी कुठे असते ते समजून घ्या, कारण अर्धी तपासणी त्यावरच बेतलेली आहे. डिस्प्ले केबल मदरबोर्डवरून निघते, बिजागरीतून किंवा तिच्या अगदी शेजारून वळण घेते आणि झाकणात पॅनेलच्या मागे जाऊन बसते. झाकण उघडलं की ती वळते, मिटलं की परत वळते. इअरफोनची वायर जशी पिनजवळच्या वाकणावर तुटते, तशी ही केबल बिजागरीपाशी झिजते. म्हणून केबलचा दोष झाकणाच्या हालचालीशी बांधलेला असतो. चिप मदरबोर्डवर असते. झाकण हलल्याने तिला काही होत नाही, तिला त्रास होतो तो तापमानाचा आणि कामाच्या ताणाचा. तुमच्या रेषा कशामुळे कमीजास्त होतात, हालचालीमुळे की उष्णतेमुळे, हे शोधायचं आहे.

हालचालीची चाचणी विंडोजच्या बाहेर घ्या. लॅपटॉप सुरू होताना F2, Del किंवा F10 (कंपनीनुसार वेगळी) दाबून बायोसच्या पडद्यावर जा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर, चालत नसतो, त्यामुळे रेषा तिथेही दिसल्या तर ड्रायव्हर निर्दोष सुटला. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून झाकण अगदी सावकाश पूर्ण मागे न्या आणि तितक्याच सावकाश पुढे आणा. रेषा ठरावीक कोनात येतात आणि झाकण त्या कोनाबाहेर गेलं की नाहीशा होतात का, ते बघा. मग झाकण एका जागी स्थिर ठेवून बिजागरीजवळची चौकट दोन बोटांनी हलकेच चेपा. पॅनेलच्या मधोमध दाबू नका, चांगलं पॅनेलही त्याने फुटतं. बिजागरीच तुटलेली असेल, कडकड आवाज येत असेल किंवा चौकट उकललेली असेल, तर ही चाचणी करूच नका. तशा बिजागरीवर केबल चिमटलेली असण्याचा संशय तसाही पुरेसा पक्का असतो.

याच वेळी वेबकॅमकडे लक्ष द्या. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वेबकॅम आणि माइकच्या तारा डिस्प्ले केबलमधूनच जातात. विंडोजमध्ये कॅमेरा उघडा आणि झाकण हलवा. रेषांबरोबर कॅमेऱ्याचं चित्रही अडकलं किंवा कॅमेरा गायब झाला, तर केबलविरुद्धचा पुरावा खूप बळकट झाला, कारण बिघडलेली ग्राफिक्स चिप कॅमेरा बंद पाडत नाही. दुकानात ही खूण कुणी सहसा विचारत नाही, म्हणून कागदावर ठळक लिहून ठेवा.

त्यानंतर टीव्ही जोडा. Windows + P दाबून Duplicate निवडा आणि दोन्ही पडदे शेजारी ठेवून बघा. लॅपटॉपवर रेषा आणि टीव्हीवर स्वच्छ चित्र असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा पॅनेलचा आहे. दोन्हीकडे सारख्याच रेषा असतील तर चिपवर किंवा ड्रायव्हरवर संशय जातो. इथे एक अडचण मात्र आहे. काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, प्रोसेसरमधलं एक आणि वेगळ्या चिपचं दुसरं. आतला पडदा एकावर आणि एचडीएमआयचं तोंड दुसऱ्यावर जोडलेलं असू शकतं, आणि मग टीव्ही स्वच्छ दिसला तरी आतल्या पडद्याची चिप निर्दोष ठरत नाही. Settings > System > Display > Advanced display मध्ये प्रत्येक पडदा निवडून खाली "Connected to" पुढे कोणाचं नाव आहे ते बघा आणि दोन्ही नावं लिहून ठेवा.

ही शंका स्क्रीनशॉटने पुष्कळशी फिटते. रेषा दिसत असतानाच Windows + Print Screen दाबा आणि ते चित्र मोबाइलवर पाठवून तिथे बघा. स्क्रीनशॉट ग्राफिक्सच्या मेमरीत तयार झालेल्या चित्राचा असतो, केबलपर्यंत गेलेल्या सिग्नलचा नसतो. मोबाइलवरच्या चित्रातही रेषा किंवा चौकोनी ठिगळं दिसली तर बिघाड केबलच्या खूप आधी, म्हणजे चिपमध्ये, तिच्या मेमरीत किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. चित्र स्वच्छ असेल तर पारडं केबल-पॅनेलकडे झुकतं, पण निकाल लागत नाही, कारण चिपमधून सिग्नल बाहेर पडणारा भाग खराब असला तरी स्क्रीनशॉट स्वच्छच येतो.

उष्णतेची चाचणी शेवटी घ्या. लॅपटॉप रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड असताना सुरू करा आणि लगेच पडदा बघा. मग टीव्ही जोडलेला ठेवून अर्धा तास एखादा गेम किंवा जड काम चालू द्या, आणि तेवढा वेळ झाकणाला हात लावू नका. थंड असताना ठीक, तापल्यावर चौकोन, ठिपके, चुकीचे रंग, मग पडदा क्षणभर काळा होऊन परत येणं, हा चिपचा नेहमीचा क्रम आहे. असं झालं तर Event Viewer मध्ये System खाली "Display driver stopped responding" अशी नोंद, क्रमांक 4101, आहे का ते शोधा. Device Manager मध्ये ग्राफिक्सपुढे Code 43 दिसतो का, तेही बघा. मात्र या दोन्ही खुणा खराब ड्रायव्हरमुळेही येतात. म्हणून ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून नव्याने टाकून चाचणी पुन्हा करा, आणि तरीही तेच झालं तरच चिपचं नाव घ्या.

दोन गोष्टी या वादाच्या बाहेरच्या आहेत. एकच उभी रेषा कायम त्याच जागी, झाकण हलवा वा तापवा, काही फरक नाही, आणि टीव्ही स्वच्छ, तर बहुधा पॅनेल गेलंय. डेल कंपनीच्या बऱ्याच लॅपटॉपवर हे तपासायची सोय आहे: लॅपटॉप बंद असताना D दाबून धरून पॉवरचं बटण दाबलं की पॅनेल स्वतःच सलग रंग दाखवतं, आणि त्यात रेषा दिसल्या तर पॅनेल दोषी. दुसरं, रेषा नाहीत, नुसतं लुकलुकणं आहे आणि तेही विंडोजमध्येच, तर Task Manager उघडा. बाकी पडदा लुकलुकतोय पण Task Manager स्थिर आहे, तर एखादं अॅप छळतंय. तोही लुकलुकतोय तर ड्रायव्हर बघा.

आमच्या सुदामानगरातल्या एका काकूंच्या मुलाचा लॅपटॉप असाच होता. उजव्या बाजूला हिरव्या-गुलाबी उभ्या रेषा, आणि एका दुकानात "चिप गई है, बोर्ड का काम है" असं सांगितलेलं. आम्ही बायोसमध्ये बघितलं, रेषा तिथेही होत्या. झाकण काटकोनात असेपर्यंत चित्र साफ, थोडं मागे नेलं की रेषा, आणि त्याच कोनात वेबकॅम अडकायचा. टीव्हीवर चित्र स्वच्छ, स्क्रीनशॉट स्वच्छ, आणि दोन्ही पडदे एकाच ग्राफिक्सवर जोडलेले. गेम चालवून मशीन चांगलं तापवलं, पण झाकण स्थिर होतं तोवर एकही रेषा आली नाही. हे सगळं लिहून आणि व्हिडिओ घेऊन काकू दुसऱ्या दुकानात गेल्या. तिथल्या भैयांनी आमच्यासमोरच चौकट उघडली. डाव्या बिजागरीपाशी केबलचं काळं वेष्टन घासून आतल्या बारीक तारा उघड्या पडल्या होत्या. नुसती काढून परत बसवल्यावर रेषा कमी झाल्या, गेल्या नाहीत. जुन्या केबलवरचा पार्ट नंबर बघून तीच केबल मागवली आणि काम झालं.

तुम्हीही दुकानात आधी हेच सांगा: केबलची दोन्ही टोकं काढून नीट बसवून बघा, मग दुकानातलं चालू पॅनेल किंवा दुसरी केबल लावून बघा, त्यानंतरच बोर्डाला हात लावा. हे काम चार्जर काढून आणि बॅटरीचं कनेक्टर सोडवूनच व्हायला हवं. या केबलमधून पडद्यामागच्या दिव्याला वीजही जाते, आणि चालू विजेवर कनेक्टर तिरका बसला तर फ्यूज उडतो किंवा बोर्डाचं नुकसान होतं. केबल पार्ट नंबर जुळवूनच घ्या, कारण एकाच मॉडेलमध्ये ३० आणि ४० पिनांच्या वेगवेगळ्या केबल असतात.

चिपच निघाली आणि "गरम करून देतो" असं कुणी म्हटलं, तर त्यात पैसे घालू नका. २००८ मध्ये एनव्हिडियाने आपल्या काही लॅपटॉप चिपमध्ये दोष असल्याचं जाहीर करून भरपाईसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. दोष चिपच्या आतल्या जोडणीतला होता. असा दोष गरम केल्याने थोडे दिवस झाकला जातो आणि मग परत येतो. चिप बदलायची की बोर्ड, हे लॅपटॉपच्या किमतीशी तोलून ठरवा. टीव्हीवर चित्र अजून नीट येत असेल तर तोवर मॉनिटर लावून काम भागवता येतं.

लॅपटॉप परत घेताना काउंटरवरच झाकण पूर्ण उघडमिट करून बघा, वेबकॅम आणि माइक चालवा, आणि वायफायची रेंज तपासा, कारण त्याच्या अँटेनाच्या ताराही बिजागरीतूनच जातात आणि चौकट बंद करताना त्या चिमटतात. जुनी केबल मागून घ्या.