अमोनियाची गळती झाली, तर वरिष्ठांना अहवाल कसा लिहावा

रत्नागिरीकडच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी शिफ्ट इन्चार्ज होतो. मासेमारीबंदी उठून हंगाम नुकताच सुरू झालेला. कॉम्प्रेसर रूममध्ये ऑइल पॉटमधून तेल काढताना तेलामागोमाग अमोनिया उसळला आणि हेल्परच्या डोळ्यात गेला. त्याचा अहवाल मला दोनदा लिहावा लागला, म्हणून हे सांगतोय.

जखमी दवाखान्यात गेला आणि गळती थांबली की आधी जागेचे फोटो काढा, साफसफाई नंतर. मग हजर असलेल्या प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा, "तू काय पाहिलंस?" सगळ्यांना एकत्र बसवलं, तर जुना ऑपरेटर बोलेल त्यालाच बाकीचे मान डोलावतात.

वेळा लिहिण्याआधी घड्याळं जुळवा. आमच्या लॉगबुकात व्हॉल्व्ह १०:५८ ला बंद झाला होता, सीसीटीव्हीत ११:०४ ला. ऑपरेटर खोटं बोलतोय असं वाटलं. पण कॅमेऱ्याचं घड्याळच ६ मिनिटं पुढे होतं. जुळवल्यावर क्रम असा निघाला:

१०:४० तेल काढायला सुरुवात
१०:५२ अमोनिया बाहेर, हेल्परच्या उजव्या डोळ्यात
१०:५३ आयवॉशला पाणी नाही
१०:५५ बर्फ विभागातल्या पाइपने डोळा धुणं सुरू
१०:५८ मुख्य व्हॉल्व्ह बंद
११:१० दवाखान्याकडे रवाना

अमोनिया डोळ्यात गेला तर तत्क्षणी पाणी मारायचं आणि किमान १५ मिनिटं धूत राहायचं. म्हणून १०:५२ ते १०:५५ ही मिनिटं मला सगळ्यात जास्त खुपली, आणि कोरडा आयवॉश मी वेगळा दोष म्हणून नोंदवला.

कारणाच्या रकान्यात मी आधी लिहिलं होतं, "ऑपरेटर व्हॉल्व्ह उघडा टाकून फोन घ्यायला गेला." खरं होतं, पण अर्धंच. तिथे हात सोडताच आपोआप मिटणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असायला हवा. खाऱ्या हवेने स्प्रिंग गंजली, तेव्हा तो काढून साधा बॉल व्हॉल्व्ह बसवला गेला होता. आयवॉशची लाइन ठिबकत होती, म्हणून कुणीतरी तिचा कॉक बंद केला होता. हे दोन्ही फेरबदल कुठेच नोंदलेले नव्हते.

उपायात "कामगारांना समज दिली" एवढंच लिहू नका. प्रत्येक उपायापुढे जबाबदार माणूस, तारीख आणि झाल्याचा पुरावा हवा. आम्ही लिहिलं: स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसेपर्यंत तेल काढणं बंद, व्हॉल्व्ह मेन्टेनन्स इन्चार्जने शुक्रवारपर्यंत बसवायचा, फोटो जोडायचा, आयवॉश प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला चालवून लॉगबुकात सही करायची. व्हॉल्व्ह स्टीलचाच हवा हेही स्पष्ट लिहा, कारण अमोनिया पितळ खातो आणि खरेदी विभाग दुकानात मिळेल ते आणतो.

पहिली छोटी खबर मात्र त्याच तासात द्या. जे कळलेलं नाही तिथे "तपास चालू" लिहा. डॉक्टरांनी किती दिवस विश्रांती सांगितली तेही कळवत राहा. कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याला सरकारकडे सूचना द्यावी लागते, आणि ते व्यवस्थापनाला तुमच्याच कागदावरून कळणार असतं.