आवडत्या पुस्तकावर पिक्चर आलाय का, कसं शोधायचं?

पुस्तकाचं नाव टाकून शोधलं आणि काही सापडलं नाही, म्हणजे पिक्चर नाहीच असं धरू नका, कारण बऱ्याचदा नावच बदललेलं असतं. शांता निसळ यांची ‘बेघर’ घ्या, तिच्यावरचा पिक्चर म्हणजे ‘उंबरठा’ (1982), आता नुसतं बेघर टाकून तो कसा सापडणार? म्हणून लेखकाचं पूर्ण नाव आणि पुढे ‘कादंबरीवर आधारित चित्रपट’ असं टाकायचं, कथा असेल तर ‘कथेवर आधारित’. मराठीत करा, मग इंग्रजी स्पेलिंगमध्ये पण करून बघा.

पिक्चर सापडला की सुरुवातीची श्रेयनामावली थांबवून थांबवून वाचा, माझ्या मते खरी खात्री तिथेच होते. पटकथा लिहिणाऱ्याचं नाव आणि मूळ कथा लिहिणाऱ्याचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं, इथेच खूप जण फसतात. ‘उंबरठा’ची पटकथा विजय तेंडुलकरांची, त्यामुळे गोष्टही त्यांचीच असं वाटून जातं आणि निसळबाईंचं नाव मागे राहतं, खरंच वाईट वाटतं.

अजून एक, कधीकधी दोन पुस्तकं मिळून एक पिक्चर होतो. ‘सिंहासन’ (1979) हा अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन्हींवर आहे, म्हणजे ज्याने फक्त ‘मुंबई दिनांक’ वाचलीय त्याला नावावरून पत्ताच लागत नाही. आणि एकच पुस्तक वाचून पिक्चर बघितला की ‘हे तर पुस्तकात नव्हतं’ असं वाटत राहतं, तेव्हा आधी दुसरं पुस्तक वाचून बघा.

हिंदी आवृत्तीही तपासा, ‘उंबरठा’ हिंदीत ‘सुबह’ नावाने आहे.