ट्रस्टचे ८५ टक्के मार्चमध्येच मोजा

करमाफीसाठी धर्मादाय ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टांवर वापरावे लागतात. हिशेबात खर्च ८५ टक्क्यांच्या वर दिसतो, तरी ट्रस्टला कर लागतो. कारण बहुतेक वेळा एकच: बिल खर्ची टाकलेलं असतं, पैसे दिलेले नसतात. उत्पन्नाचा विनियोग म्हणून त्या वर्षात प्रत्यक्ष दिलेली रक्कमच धरली जाते.

समजा उत्पन्न २० लाख. १५ टक्के, म्हणजे ३ लाख, विनाअट शिल्लक ठेवता येतात. १७ लाख वापरायला हवेत. वह्यांत खर्च १७.४ लाख, पण त्यात मार्चचे पगार आणि ऑडिट फी मिळून १.२ लाख देणं बाकी. मग विनियोग १६.२ लाखच, तूट ८० हजार.

म्हणून १५ मार्चच्या सुमारास:

१. बाकी देणी आणि तरतुदींची यादी काढून ती रक्कम खर्चातून वजा करा.
२. देता येतील ती बिलं ३१ मार्चपूर्वी बँकेतून चुकती करा.
३. तरीही तूट उरली तर ठरावात नेमका हेतू लिहून संचयाचा फॉर्म (१९६१च्या कायद्यात फॉर्म १०) मुदतीत भरा. ती रक्कम वापरायला पाच वर्षं मिळतात.

‘ट्रस्टच्या उद्दिष्टांसाठी’ एवढंच मोघम लिहू नका, वाद तिथेच होतो. आणि घाईत रोखीने देऊ नका: एका व्यक्तीला दिवसात १० हजारांवर रोख दिलेलं विनियोगात धरत नाहीत.